दोषदायित्व काळ संपला, आता अडकलेली अनामत कशी मागायची?

सरकारी इमारतीचं काम संपतं, फायनल बिलही निघतं, तरी ठेकेदाराचे काही लाख रुपये खात्याकडे राहतात. प्रत्येक रनिंग बिलातून थोडेथोडे कापलेले हे पैसे. कागदोपत्री त्यांना सुरक्षा अनामत म्हणतात, साइटवर आणि ऑफिसात सगळे 'एसडी' म्हणतात. इमारत ताब्यात दिल्यावर ठरावीक काळात काही दोष निघाला आणि ठेकेदार फिरकलाच नाही, तर खात्याला त्याच्याच पैशातून दुरुस्ती करून घेता यावी म्हणून ही रक्कम मागे ठेवतात. हा काळ म्हणजे दोषदायित्व काळ, बोलीभाषेत 'डीएलपी'.

तो संपला की पैसे आपोआप खात्यात येतील असं पुष्कळांना वाटतं. येत नाहीत. त्यासाठी पत्र द्यावं लागतं, आणि बहुतेक पत्रं दोन ओळींची असतात: 'डीएलपी संपला आहे, तरी एसडी परत मिळावी ही विनंती.' असं पत्र कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर जाऊन बसतं, कारण त्यावर सही करायची तर त्याला चार फायली उघडाव्या लागतात. त्या त्याने का उघडाव्यात? चांगल्या पत्रात त्या फायलींतलं हवं तेवढं आधीच काढून जोडलेलं असतं.

प्रत्येक खात्याचा करार वेगळा. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा एक, जिल्हा परिषदेचा दुसरा, महापालिकेचा तिसरा. म्हणून इथे एकच करार घेतो: केंद्रीय लोकनिर्माण विभागाचा, म्हणजे सीपीडब्ल्यूडीचा. या खात्याची कामं मुंबई, पुणे, नागपूर सगळीकडे चालतात आणि त्याच्या सर्वसाधारण अटी छापील आहेत. आवृत्तीगणिक टक्के आणि मुदती बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द तुमच्या हातातल्या कराराचा.

समजा, नागपुरात केंद्र सरकारच्या कर्मचारी निवासाची एक तीन मजली इमारत तुम्ही बांधली. एकूण काम १ कोटी ६० लाखांचं. अनामतीचा दर अडीच टक्के, म्हणजे ४ लाख रुपये. बँक गॅरंटीच्या रूपात दिलेली परफॉर्मन्स गॅरंटी ही वेगळी गोष्ट, ती काम पूर्ण झाल्यावर सुटते. पत्रात या दोन्हींची सरमिसळ केली की लेखा शाखा पहिला शेरा तिथेच मारते.

आधी तारखा बघू. काम प्रत्यक्ष संपलं २८ फेब्रुवारी २०२३ ला. अटींच्या आठव्या कलमाप्रमाणे काम संपल्यापासून दहा दिवसांच्या आत ठेकेदाराने तशी सूचना द्यायची आणि अभियंत्याने तीस दिवसांत पाहणी करून पूर्णत्वाचा दाखला द्यायचा. हा दाखला तुमच्या हातात पडला १४ मार्च २०२३ ला. म्हणजे एकाच कागदावर दोन तारखा आल्या, काम संपल्याची आणि दाखला दिल्याची. दोषांबाबतचं सतरावं कलम बारा महिने मोजतं ते दाखला दिल्यापासून. फेब्रुवारीची तारीख धरून आधीच अर्ज ठोकला तर तो 'मुदतपूर्व' म्हणून परत येतो, आणि परत आलेला अर्ज पुन्हा आवक करताना कोणालाच घाई नसते. आपल्या उदाहरणात मुदत संपली मार्च २०२४ च्या मध्याला.

आणखी एक अट आहे, ती फार जण वाचत नाहीत. बारा महिने संपणं किंवा फायनल बिल तयार होऊन मंजूर होणं, यांतलं जे नंतर घडेल तेव्हा अनामत परत. आपलं फायनल बिल जून २०२३ ला मंजूर झालं, त्यामुळे अडचण नाही. पण बिल एखाद्या जादा बाबीच्या दरावरून लटकलेलं असेल, तर डीएलपी संपूनही अनामत सुटत नाही. अशा वेळी एसडीच्या पत्रामागे धावण्यात अर्थ नसतो, आधी बिलामागे लागायचं.

आता दाखल्यांकडे वळू. सगळ्यात जास्त गोंधळ कामगार अधिकाऱ्याच्या ना-हरकतीवरून होतो. पंचेचाळिसाव्या कलमात म्हटलं आहे की कामगार अधिकाऱ्याचा दाखला आणल्याशिवाय अनामत परत मिळणार नाही. हे एवढं वाक्य ऑफिसात सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या पुढचा भाग कोणी सांगत नाही. काम संपत आलं की ठेकेदाराने कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि तसं अभियंत्याला कळवायचं. मग अभियंत्याने स्वतः त्या अधिकाऱ्याला पत्र लिहून विचारायचं, मजुरांची काही तक्रार पडून आहे का. काम संपून तीन महिने झाले तरी तक्रार नोंदलेली नसेल, किंवा सहा महिने उलटूनही कामगार अधिकाऱ्याकडून तसं काही कळवलं गेलं नसेल, तर दाखला मिळाला असंच धरायचं आणि बाकी सगळं ठीक असेल तर अनामत सोडायची.

म्हणजे दाखल्याचा कागद हातात नसला तरी वाट बंद होत नाही. पण त्यासाठी तुम्ही अर्ज केला होता हे दाखवता आलं पाहिजे. आपल्या ठेकेदाराने मार्च २०२३ मध्येच अर्ज दिला, त्याची प्रत कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयात दिली आणि दोन्ही प्रतींवर आवक शिक्का मारून घेतला. काम संपल्याच्या तारखेपासून सहा महिने ऑगस्टअखेर पूर्ण झाले. आता पत्राला त्या दोन शिक्क्यांच्या प्रती जोडल्या आणि कलमाचा हवाला दिला की पुरे. अर्जच केला नसेल तर हा आधार लंगडा पडतो. मग डीएलपी संपल्यावर कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि तोवर साइटवरचे निम्मे मजूर गावी गेलेले असतात. याच्या जोडीला कामाच्या काळातली भविष्य निर्वाह निधीची चलनं आणि हजेरीपटाच्या प्रती ठेवाव्यात. ऑफिसने मागितल्या तरच द्या, पण मागितल्या त्याच दिवशी देता आल्या पाहिजेत.

पैसे अडतात ते बहुतेक वेळा दोषांवरून. सतराव्या कलमाचा गाभा असा: मुदतीत दोष दिसला तर अभियंत्याने लेखी नोटीस द्यायची, ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं. नाही केलं तर खातं दुसऱ्याकडून करून घेईल आणि खर्च अनामतीतून वळता करील. त्यामुळे पत्र वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: मुदतीत किती नोटिसा निघाल्या, प्रत्येकीचं काय झालं, आणि ते झालं असं खात्याच्या माणसाने कुठे लिहून दिलं आहे.

आपल्या इमारतीवर पहिल्या पावसाळ्यात दोन नोटिसा आल्या. पहिली गच्चीची. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीच्या छताला, पावसाच्या पाइपाजवळच्या कोपऱ्यात, ओल धरली होती. दुसरी होती जिन्याजवळच्या भिंतीत बीमखाली गेलेल्या आडव्या तड्याची.

गच्चीच्या दुरुस्तीची नोंद कशी असावी ते जरा जवळून बघू. 'गळती बंद केली' एवढं लिहिलं तर पुढचा पावसाळा येईपर्यंत कोणीही सही करायला कचरेल, आणि त्याचं बरोबरच आहे. आपल्या ठेकेदाराने एका पानावर लिहिलं ते असं. नोटिशीचा क्रमांक आणि तारीख. जागा: कोणती गच्ची, कोणता पाइप, खाली कोणती खोली. मग कारण: गच्चीचा कोबा आणि पाइपाचं तोंड यांच्या सांध्यात फट पडली होती, उतार ठीक होता, पण पाणी तोंडाशी येऊन त्या फटीतून खाली उतरत होतं. हे कशावरून कळलं तेही लिहिलं. पाइपाचं तोंड बंद करून त्याच्याभोवती मातीचा बांध घातला आणि तेवढ्याच भागात पाणी भरलं, तर खालच्या छतावरची ओल दुसऱ्या दिवशी पसरली. बाकी गच्चीवर पाणी साठवलं तेव्हा ती वाढली नाही. म्हणजे दोष त्या तोंडापुरताच होता.

मग उपाय: तोंडाभोवतीचा कोबा फोडला, सैल माल काढून जागा धुतली, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने सांधा भरला, कडेने वाटा फिरवला, वरून जलरोधक लेप दिला. शेवटी चाचणी: पुन्हा पाणी भरून दोन दिवस ठेवलं, खाली ओल आली नाही. खाली कनिष्ठ अभियंत्याची तारखेसह सही. सोबत दुरुस्तीआधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा असे तीन फोटो, तिन्ही एकाच कोपऱ्यातून काढलेले, फ्रेममध्ये पाटी, पाटीवर खडूने नोटीस क्रमांक आणि तारीख. मोबाइलमधला नुसता फोटो कुठल्याही गच्चीचा असू शकतो. पाटी दिसली की तो याच गच्चीचा ठरतो.

कारण लिहिण्यावर मी एवढा जोर देतो, त्याला कारण आहे. कारण सापडलं नसेल तर दुरुस्ती म्हणजे ओलीवर रंग मारणं. अभियंत्याला हे दुरूनच कळतं. कारण, उपाय आणि चाचणी एका ओळीत जुळली की त्याला शंका घ्यायला जागा उरत नाही.

दुरुस्ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली, म्हणजे पावसाळा बराचसा शिल्लक होता. मग सप्टेंबरअखेरीला ठेकेदाराने एक साधं काम केलं. त्या खोलीत राहणाऱ्या रहिवाशाकडून आणि इमारत सांभाळणाऱ्या कार्यालयाकडून दोन ओळी लिहून घेतल्या, की दुरुस्तीनंतरच्या पावसात तिथे ओल आली नाही. वापरणाऱ्या कार्यालयाचं पत्र अभियंत्याच्या सहीची जागा घेत नाही, पण फेब्रुवारीतल्या कोरड्या पाहणीपेक्षा त्याचं वजन जास्त. फेब्रुवारीत कोणतीच गच्ची गळत नाही.

तड्याचं पान त्यामानाने लहान. विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम वेगवेगळ्या मापाने आक्रसतात, सांध्यावर प्लास्टर फाटतं. पट्टी कापून जाळी ठोकली, पुन्हा गिलावा केला, रंग दिला. असे तडे म्हणजे दोष नव्हेच असं सांगून ठेकेदार वाद घालतात. तो घालू नये, कारण सतराव्या कलमात दोषांबरोबर आक्रसण्याचंही नाव घेतलेलं आहे.

खरा वाद असतो तो वापरातल्या मोडतोडीचा. एप्रिल २०२४ मध्ये, म्हणजे मुदत संपल्यावर, कार्यालय कळवतं की दोन नळ आणि एक वॉशबेसिन फुटलं आहे. फुटलेलं बेसिन हा बांधकामातला दोष नव्हे आणि तक्रारही मुदतीनंतरची आहे. इथे लेखी उत्तर द्यावं, गप्प बसू नये. उत्तर न दिलेली तक्रार फायलीत 'प्रलंबित' म्हणून राहते. आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात नोटीस आली तर? ती मुदतीतलीच धरली जाईल, दुरुस्ती करून द्यावीच लागेल. म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधी संयुक्त पाहणी मागावी आणि तिच्या टिपणावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. दोष असतील ते तेव्हाच वर येतात. दुसरा फायदा असा की वर्षभरात कनिष्ठ अभियंत्याची बदली झाली असली तरी नव्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी बघून सही करता येते.

आता रक्कम. चार लाख हा आकडा नुसता लिहायचा नाही, तो कसा जमला ते दाखवायचं. पहिलं रनिंग बिल ४२ लाखांचं, कपात १,०५,०००. दुसरं ५१ लाखांचं, कपात १,२७,५००. तिसरं ३८ लाखांचं, ९५,०००. फायनल बिलात उरलेल्या २९ लाखांवर ७२,५००. बेरीज ४,००,०००. प्रत्येक आकड्यापुढे व्हाउचर क्रमांक आणि तारीख. लेखा शाखेला हेच तिच्या नोंदवहीशी ताडून बघायचं असतं.

यातलं एक वजा होतं. ठेकेदार बाहेरगावी असताना पाण्याच्या टाकीचा एक बिघडलेला व्हॉल्व्ह खात्याने दुसऱ्याकडून बदलून घेतला, खर्च ६,५००. तशी नोटीस आधी आली होती, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. असा खर्च पत्रात स्वतःहून मांडून वजा करून दाखवावा. साडेसहा हजारांसाठी चार लाखांची फाइल फिरत ठेवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचं गणित मला कधी कळलं नाही.

गच्चीच्या जलरोधक कामाचा हिशेब मात्र वेगळा. आपल्या उदाहरणातल्या विशेष अटींप्रमाणे या कामाची दहा वर्षांची हमी लिहून द्यायची आहे आणि त्या बाबींच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम तोवर खात्याकडे राहणार आहे. बाब ३ लाख २० हजारांची, म्हणजे ३२,००० वेगळे अडकलेले. ते आता मागायचे नाहीत. पण ते या चार लाखांत धरलेले नाहीत, हे पत्रात स्पष्ट लिहायचं, नाहीतर कोणीतरी ते पुन्हा कापतं.

हे सगळं जुळलं की पत्र लहानच होतं. प्रत्यक्षात ते इंग्रजीत किंवा हिंदीत जातं. मजकूर साधारण असा:

प्रति, कार्यकारी अभियंता
(सहायक अभियंता यांच्यामार्फत)

विषय: करारनाम्यातील कामाची सुरक्षा अनामत रु. ३,९३,५०० परत मिळणेबाबत

महोदय,

वरील कामाचा पूर्णत्वाचा दाखला दि. १४/०३/२०२३ रोजी देण्यात आला असून फायनल बिल जून २०२३ मध्ये मंजूर झाले आहे. कलम १७ मधील बारा महिन्यांची मुदत पूर्ण झाली आहे. मुदतीत आलेल्या गच्ची व भिंतीचा तडा या दोन दोषांच्या नोटिसांप्रमाणे दुरुस्ती करून दिली असून आपल्या कनिष्ठ अभियंत्यांच्या सहीच्या नोंदी व फोटो सोबत जोडले आहेत. फेब्रुवारी २०२४ मधील संयुक्त पाहणीच्या टिपणात कोणताही दोष शिल्लक नसल्याचे नमूद आहे.

कामगार अधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जाची व आपणांस दिलेल्या सूचनेची आवक प्रत सोबत आहे. काम पूर्ण होऊन सहा महिने उलटूनही कोणतीही तक्रार कळविण्यात आलेली नसल्याने कलम ४५ प्रमाणे दाखला मिळाला असे धरण्यात यावे.

बिलांतून कपात झालेली एकूण रक्कम रु. ४,००,००० असून तिचा तक्ता जोडला आहे. व्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च रु. ६,५०० वजा जाता रु. ३,९३,५०० देय आहेत. जलरोधक कामाच्या हमीपोटी ठेवलेली रु. ३२,००० ही रक्कम यात धरलेली नाही.

तरी सदर रक्कम आमच्या बँक खात्यात जमा करावी. काही त्रुटी असल्यास त्या एकत्रितपणे लेखी कळवाव्यात, ही विनंती.

शेवटच्या ओळीतला 'एकत्रितपणे' हा शब्द मी मुद्दाम घालतो. एकेक त्रुटी सवडीने काढली की महिने जातात.

एक सापळा मात्र टाळायचा. पैसे देताना कधीकधी एक छापील कागद पुढे येतो: 'या कामाबाबत आमचे आता काहीही मागणे नाही.' तुमची भाववाढीची किंवा जादा कामाची मागणी चालू असेल तर अशी सरसकट सही महागात पडते. 'सुरक्षा अनामतीबाबत मागणे नाही' एवढंच लिहून द्यावं.

उत्तर आलं नाही तर? 'यंदा निधी नाही' हे उत्तर इथे फारसं टिकत नाही. हे पैसे बिलाच्या वेळीच कामाच्या खर्चात धरले गेले आणि ठेव म्हणून बाजूला पडले. त्यांना नवं अनुदान लागत नाही. पण म्हणून निवांत राहायचं नाही, कारण ठेवीलाही वय असतं. तीन पूर्ण लेखावर्षं कोणी न मागितलेली ठेव मार्चअखेरीला सरकारजमा होते, तिला व्यपगत ठेव म्हणतात. पैसे बुडत नाहीत, पण मग ते विभागाच्या पातळीवर सुटत नाहीत, लेखा अधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि जुनी व्हाउचरं शोधावी लागतात.

दुसरं घड्याळ कायद्याचं. पैशाच्या मागणीला मुदत कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षं मिळतात आणि ती रक्कम देय झाल्यापासून मोजली जातात. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ती लांबत नाहीत, कितीही पाठवा. लांबतात ती खात्याने त्या तीन वर्षांच्या आत 'ही रक्कम देय आहे' अशा अर्थाचं काही सही करून लिहून दिलं तर, आणि तिथून पुन्हा नवी मुदत मोजली जाते. त्यामुळे ऑफिसकडून आलेलं 'आपली अनामत तपासणीत आहे' छापाचं साधं उत्तरही फाडून टाकू नका. त्याने मुदत वाढते का, हे त्यातल्या शब्दांवर ठरतं. रक्कम मोठी असेल तर ते वकिलाला दाखवा.

राहिले ते ३२,०००. हमीपत्राच्या नमुन्यात दहा वर्षं डीएलपी संपल्यानंतर मोजायला लागतात, म्हणजे ती मार्च २०३४ ला पुरी होतील. तोवर कनिष्ठ अभियंता, कार्यकारी अभियंता, कदाचित विभागाचं नावही बदललेलं असेल. तेव्हा एसडीच्या पत्राची आवक प्रत, हमीपत्र आणि त्या कपातीचं व्हाउचर एका वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर ती तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.